९:०८ चा भाव आणि ९:१५ ची कँडल : प्रकल्प नोंदी

एनएसईच्या शेअर्सवर गॅप, म्हणजे कालचा बंद भाव ते आजचा ओपन हे अंतर, आणि ओपनिंग रेंज, म्हणजे सुरुवातीच्या मिनिटांत भाव कुठून कुठे फिरला, हे मोजणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहायला घेतली होती. आठवड्याचं काम वाटलं, महिना गेला. यातला बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर खर्च झाला: सकाळचा 'ओपन' म्हणजे नक्की कुठला भाव? याच वाटेने कोणी जाणार असेल तर त्याचे काही दिवस वाचावेत म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्यात. शेअर्सची नावं दिलेली नाहीत, कारण ही टिप नाही.

३ जुलै २०२५, गुरुवार

सामान गोळा केलं. एनएसईची रोजची भावकॉपी, म्हणजे दिवसाच्या भावांची अधिकृत फाइल, ८ जुलै २०२४ पासून उतरवली. त्या दिवसापासून फाइलची नवी मांडणी सुरू झाली, त्यामुळे रकान्यांची नावं बदलत नाहीत आणि डोकेदुखी वाचते. एक-एक मिनिटाचा डेटा एका विक्रेत्याकडून विकत घेतला, महिन्याला २,००० रुपये.

पहिला नियम मुद्दाम सोपा घेतला. शेअर ०.७५ टक्क्यांहून जास्त गॅप-अप उघडला की ओपनला विकायचा आणि ९:३० ला परत घ्यायचा. विक्रीचा भाव भावकॉपीतला `OpnPric`, परतीचा भाव मिनिटांच्या डेटातून.

निकाल इतका सुंदर आला की रात्री अकरा वाजता बायकोला उठवून दाखवला. तिने विचारलं, "इतकं सोपं असतं तर सगळेच करत नसते का?" हा प्रश्न नोंदवून ठेवतो.

४ जुलै, शुक्रवार

आमच्या इमारतीत एक काका राहतात, पूर्वी सब-ब्रोकर होते. त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिलाही नाही.

"विकलास कितीला?"

"ओपनला, काका."

"तो ओपन ठरला किती वाजता?"

"सव्वानऊला."

"नाही रे बाबा. नऊ-आठला ठरला. आणि तेव्हा दार बंद झालेलं होतं. तू आत कसा शिरलास?"

चहा होईपर्यंत सगळं उलगडलं. बाजार उघडण्याआधी ओपन ठरवायला एक लिलाव होतो, तोच प्री-ओपन. त्यात ऑर्डर टाकणं, बदलणं, रद्द करणं हे ९:०० ते ९:०८ एवढंच. तेही नेमकं ९:०८ ला बंद होत नाही. शेवटच्या मिनिटात, म्हणजे ९:०७ ते ९:०८ मध्ये, संगणक मनाला येईल त्या क्षणी बंद करतो. मग ९:१२ पर्यंत सौदे जुळवले जातात, ९:१५ पर्यंत नुसती वाट बघायची. भावकॉपीतला ओपन हा त्या लिलावात निघालेला भाव असतो.

माझ्या नियमाला आधी गॅप दिसायला हवा. पक्का गॅप दिसतो ऑर्डर बंद झाल्यावर. आणि त्या भावाला विकायचं तर ऑर्डर बंद होण्याआधी द्यायला हवी. म्हणजे माझी स्क्रिप्ट वर्षभर रोज असा सौदा करत होती जो कोणालाच करता आला नसता.

विक्रीचा भाव बदलून ९:१५ नंतरचा पहिला सौदा घेतला आणि पुन्हा चालवली. नफ्याचा मोठा भाग गायब. तो सगळा लिलावाचा भाव आणि पहिला सौदा यांच्या मधल्या फटीत बसला होता.

७ जुलै, सोमवार

ही फट का पडते, हे कागदावर समजून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. लिलावाचा नियम असा: ज्या भावाला जास्तीत जास्त शेअर्सचे सौदे होऊ शकतात तो भाव. दोन भावांना सारखेच सौदे होत असतील तर जिथे न जुळलेली शिल्लक कमी तो. तिथेही बरोबरी झाली तर कालच्या बंद भावाच्या जवळचा.

कालचा बंद ४१२ असलेला एक शेअर धरला आणि ऑर्डरी स्वतःच मांडल्या. खरेदीवाले ४१८ ला २००, ४१७ ला ३००, ४१६ ला ४००, ४१५ ला ६००, ४१४ ला ५००. विक्रीवाले ४१४ ला ३००, ४१५ ला ४००, ४१६ ला ५००, ४१७ ला ४००, ४१८ ला ६००.

४१५ भाव काढला तर घ्यायला तयार १,५००, पण विकायला तयार फक्त ७००. सौदे ७०० चे. ४१७ काढला तर विकायला १,६००, पण घ्यायला ५००. सौदे ५०० चे. ४१६ ला घेणारे ९०० आणि विकणारे १,२००, म्हणून ९०० चे सौदे होतात. दुसऱ्या कुठल्याच भावाला इतके होत नाहीत. ओपन ४१६, आणि ज्याने ४१८ ची खरेदी टाकली त्यालाही ४१६ लाच मिळतात.

आता उरलं काय ते बघा. ४१६ पर्यंतची खरेदी संपली. सर्वांत वरची शिल्लक खरेदी ४१५ ची. विक्रीत मात्र ४१६ चे ३०० पडून आहेत. ही उरलेली ऑर्डर रद्द होत नाही, ती तशीच नेहमीच्या बाजारात जाते. मार्केट ऑर्डर उरली तर तिलाही लिलावात निघालेल्या भावाची लिमिट लागते आणि तीही पुढे जाते. म्हणजे ९:१५ ला घंटा होते तेव्हा डोक्यावर ४१६ ची विक्री बसलेली असते आणि पायाखाली ४१५ ची खरेदी. पहिल्या सेकंदाला कोणी घाईने विकलं की पहिला सौदा ४१५. ओपन ४१६ असूनही.

यात अजून दोन गोष्टी मिसळतात. ९:०८ पासून हात बांधून बसलेले सगळे ९:१५ ला एकदम आत येतात. आणि स्टॉप-लॉस ऑर्डर प्री-ओपनमध्ये चालतच नाही, त्यामुळे तीही सगळी ९:१५ नंतरच्या गर्दीत. पहिल्या मिनिटाची कँडल एवढी लांब का असते, हे इतकी वर्षं आलेख बघून कळलं नव्हतं ते एका वहीच्या पानावर कळलं.

९ जुलै, बुधवार

फरक मोजायला बसलो.

```python
b = b[b["SctySrs"] == "EQ"]
m1 = m[m["hhmm"] == "09:15"]
x = b.merge(m1, left_on=["TradDt", "TckrSymb"],
            right_on=["date", "symbol"])
x["farak"] = (x["open"] - x["OpnPric"]) / x["OpnPric"] * 100
```

पहिली ओळ आधी लिहिलीच नव्हती. भावकॉपीत कर्जरोख्यांपासून सगळ्या मालिका एकत्र असतात, आणि एकाच नावाच्या दोन ओळी जुळून अचाट फरक दिसत होते. दीड तास तिथे गेला.

मग काही दिवशी ९:१५ ची कँडलच सापडेना. १ नोव्हेंबर २०२४ ला सगळेच शेअर्स कोरे. विक्रेत्याचा अख्खा डेटाच खराब ठरवून त्याला तक्रारीचा मेल लिहायला घेतला, आणि तारीख टाइप करताना लक्षात आलं की ती दिवाळी होती. मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी सहाला. मेल पुसला. नव्या आयपीओचंही तसंच: नोंदणीच्या दिवशी त्यांचा प्री-ओपन वेगळा आणि लांब असतो, सौदे दहाला सुरू होतात. माझी स्क्रिप्ट ९:१५ ते ९:३० ची रेंज शोधत बसायची आणि शून्य लिहून मोकळी व्हायची. हे दोन्ही प्रकार वगळले. बोनस, स्प्लिट आणि लाभांशाच्या एक्स-डेटही वगळल्या, कारण तिथला गॅप हा गॅपच नव्हे.

कमी उलाढालीचे शेअर्स हा तिसरा त्रास. लिलावात भावच निघाला नाही तर ९:१५ नंतरचा पहिला सौदा हाच ओपन. तिथे फरक शून्य दिसतो आणि डेटा फार स्वच्छ वाटतो. तो स्वच्छ नसतो, तिथे लिलाव झालेलाच नसतो. यादी मोठ्या उलाढालीच्या शेअर्सपुरती आखडली.

११ जुलै, शुक्रवार

एक मित्र दुसऱ्या विक्रेत्याचा डेटा वापरतो. त्याच्याकडून चार दिवसांची फाइल मागवली आणि तोच शेअर शेजारी ठेवला. माझ्याकडे ९:१५ च्या मिनिटाचा व्हॉल्यूम ४७,०००. त्याच्याकडे १,३१,०००. एकाच शेअरचा, एकाच मिनिटाचा.

फरक ८४,०००. प्री-ओपनच्या पानावर त्या दिवशीची अंतिम संख्या टिपून ठेवली होती, तीही ८४,०००.

त्याचा विक्रेता दिवसभराच्या एकूण व्हॉल्यूममधून मागचा आकडा वजा करून मिनिटाचा व्हॉल्यूम काढतो. ९:१५ च्या आधीचा आकडा तो शून्य धरतो, म्हणून लिलावातले सगळे शेअर्स पहिल्या कँडलच्या पोटात जातात. माझा विक्रेता फक्त ९:१५ नंतरचे सौदे मोजतो. दोघांपैकी खोटं कोणी बोलत नाही. पण मित्राचा 'पहिल्या कँडलला प्रचंड व्हॉल्यूम' हा इशारा रोज वाजायचा, आणि तो का वाजतो हे त्याला दोन वर्षं कळलं नव्हतं.

आपला डेटा कुठल्या जातीचा आहे हे ओळखायची पद्धत यातून सापडली. भावकॉपीत ज्या दिवशी `OpnPric` आणि `HghPric` एकच आहेत असा दिवस काढा. त्या दिवसाच्या सगळ्या मिनिटांचा सर्वांत वरचा भाव बघा. तो भावकॉपीच्या हायइतकाच आला तर लिलाव बहुधा आत आहे. खाली आला तर लिलाव बाहेर आहे. एका दिवसावर विसंबू नका, पाच-सहा दिवस बघा, कारण ९:१५ नंतरही भाव कधीकधी नेमका ओपनला शिवून येतो. व्हॉल्यूमची बेरीज करूनही कळतं, फक्त दुपारी ३:४० नंतरच्या सत्रातले थोडे शेअर्स एकूण आकड्यात मिसळलेले असतात, त्यामुळे ती शेवटच्या शेअरपर्यंत जुळेल ही अपेक्षा नको.

'ओपन बरोबर हाय' शोधणारे स्कॅनर सगळीकडे फुकट मिळतात. त्यातला हाय लिलावाचाच असेल तर त्या भावाला ९:१५ नंतर एकही सौदा झालेला नसू शकतो. मी स्वतः तसले स्कॅनर वापरून पैसे घालवलेत, म्हणून जरा कडवटपणे लिहितोय.

१६ जुलै, बुधवार

आज खऱ्या पैशाने. ३०० शेअर्स.

हाही योगायोगाने ४१२ च्या आसपासचाच शेअर. भावकॉपीतला कालचा बंद ४१२.००. पण कालचा शेवटचा सौदा ४१३.६०. हे दोन वेगळे असतात, कारण एनएसईचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाची व्हॉल्यूमनुसार सरासरी. भावकॉपीत `ClsPric` आणि `LastPric` असे दोन रकाने त्यासाठीच आहेत. माझ्या मिनिटांच्या डेटातला दिवसाचा शेवट अर्थातच ४१३.६०. सकाळी लिलावाचा भाव ४१६.००, ९:१५ नंतरचा पहिला सौदा ४१४.५०.

म्हणजे गॅपला दोन टोकं आणि प्रत्येक टोकाला दोन उमेदवार. ४१२ ते ४१६ मोजला तर ०.९७ टक्के. ४१३.६० ते ४१६ मोजला तर ०.५८. ४१२ ते ४१४.५० मोजला तर ०.६१. ४१३.६० ते ४१४.५० मोजला तर ०.२२. एका शेअरला एका सकाळी चार गॅप, आणि माझी ०.७५ ची गाळणी फक्त पहिल्याला पास करते. आलेखावर डोळ्याला दिसतो तो मात्र चौथा, सर्वांत लहान. "गॅप-अप आहे" असं दोन माणसं म्हणतात तेव्हा ती एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील याची खात्री नाही.

गॅप पास झाला, म्हणून १५ मिनिटांची रेंज घेतली; या वेळी विक्री नाही, भाव रेंजच्या वर गेला की खरेदी. ९:१५ नंतरच्या सौद्यांत वर ४१५.७०, खाली ४११.९०. ९:४१ ला भाव ४१५.७० च्या वर गेला, ४१५.८० ला खरेदी झाली. ४१५.८५ पर्यंत गेला आणि वळला. रेंजच्या मध्यावर, ४१३.८० ला स्टॉप लागला. ६०० रुपये आणि वर खर्च.

मित्राच्या आलेखावर रेंजचा वरचा टप्पा ४१६.०० होता, कारण त्याच्या पहिल्या कँडलमध्ये लिलाव आत आहे. त्याच्याकडे ब्रेकआउट झालाच नाही. तो ऑफिसात निवांत काम करत होता.

संध्याकाळी यावर बराच विचार केला. माझी पहिली प्रतिक्रिया होती की मित्राचा डेटा बरोबर, माझा चूक. पण तसं नाही. ओपनिंग रेंज म्हणजे सुरुवातीच्या घासाघिशीत भाव कुठून कुठे फिरला. लिलावात घासाघीस नसते, सगळ्यांचा एकच भाव एका फटक्यात निघतो. तो रेंजमध्ये धरला तर रेंज उगाच लांबते, आणि काही दिवशी तर पहिली कँडल अशी दिसते की भाव वरून कोसळला, जेव्हा खरं तर तो तिथे कधी 'फिरला'च नव्हता. दुसऱ्या बाजूने, ४१६ ला ८४,००० नसतील पण हजारो शेअर्स हात बदललेत, आणि वहीतल्या उदाहरणासारखी न विकलेली ऑर्डर तिथे पडून असण्याची शक्यता आहे. त्या भावाला दुर्लक्षून चालणार नाही.

म्हणून त्याला रेंजच्या बाहेर स्वतंत्र रेघ द्यायची, असं ठरवतोय.

२१ जुलै, सोमवार

ऑफिसला उशिरा जाण्याची परवानगी काढून सकाळी नऊला प्री-ओपनचं पान उघडून बसलो. विचार असा की लिलावाचा भाव आधीच ओळखता आला तर ९:०८ च्या आत ऑर्डर टाकता येईल.

कालचा बंद ८९० असलेला एक शेअर. ९:०२ ला संभाव्य भाव ९३४. ९:०५ ला ९२१. ९:०७ ला ९०३. शेवटी निघाला ९०१.५०. पहिल्या दोन मिनिटांत ऑर्डरी थोड्या असतात, एखादी मोठी खरेदी सगळा भाव उचलून धरते आणि ती रद्द करायला ९:०७ पर्यंत पूर्ण मोकळीक असते. ९:०२ चा गॅप जवळपास पाच टक्के, खरा गॅप १.३. शेवटचं मिनिट बरंचसं खरं सांगतं, पण ते कधी संपेल ते माहीत नसतं. आज माझी चाचणीची ऑर्डर टाइप होईपर्यंत दार बंद झालं. या वाटेला पुन्हा जाणार नाही. 'आज अमुक शेअर पाच टक्के वर उघडतोय' असे ९:०३ चे मेसेज ग्रुपवर येतात, ते वाचणंही सोडलं.

२४ जुलै, गुरुवार

निफ्टी. इथे अर्धा दिवस पुरला. निर्देशांकाचा अधिकृत ओपन पन्नास शेअर्सच्या लिलावाच्या भावांवरून काढलेला असतो. काही आलेख तोच ९:१५ च्या कँडलचा ओपन म्हणून दाखवतात, काही ९:१५ नंतर आलेला पहिला आकडा. त्यामुळे एका आलेखावर पहिली कँडल लाल आणि दुसऱ्यावर हिरवी, असं खरोखर दिसतं. फ्युचर्सना तर प्री-ओपनच नाही, ते थेट ९:१५ ला सुरू होतात. निफ्टीचा गॅप निर्देशांकावर मोजून सौदा फ्युचर्समध्ये करायचा असेल तर मोजमापही फ्युचर्सच्याच पहिल्या सौद्यावर केलेलं बरं.

३१ जुलै, गुरुवार

स्क्रिप्ट आता तीन गोष्टी वेगळ्या लिहिते. गॅप: भावकॉपीच्या बंद भावापासून लिलावाच्या भावापर्यंत, कारण दोन्ही एक्सचेंजचे ठरावीक आकडे आहेत आणि विक्रेता बदलला तरी बदलत नाहीत. घसरण: लिलावाचा भाव ते ९:१५ नंतरचा पहिला सौदा. रेंज: फक्त ९:१५ नंतरच्या सौद्यांची, आणि लिलावाचा भाव तिच्या बाहेर असेल तर त्याच बाजूचा ब्रेकआउट लिलावाची रेघ ओलांडल्यावरच धरायचा. चाचणीत कुठलीही खरेदी-विक्री `OpnPric` ला होत नाही. ती ओळ लाल रंगात लिहून ठेवलीय.

हिशेब: डेटा २,००० रुपये, ६०० आणि दोन छोटे तोटे मिळून १,४५० रुपये, एक अर्धी रजा. नियम अजून फायद्याचा ठरलेला नाही. ३ जुलैचा आलेख डिलीट केला नाही, बायकोच्या प्रश्नाखाली चिकटवून ठेवलाय.

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

२४ जुलैच्या नोंदीत दुरुस्ती. ८ डिसेंबरपासून फ्युचर्सनाही प्री-ओपन सुरू झालाय, चालू महिन्याच्या कराराला, वेळा शेअर्सच्या प्री-ओपनसारख्याच. म्हणजे फ्युचर्सच्या डेटात आता या तारखेला सांधा आहे: आधीचा ओपन हा पहिला सौदा, नंतरचा ओपन हा लिलाव. माझ्या स्क्रिप्टने सोमवारी हे कळवलं नाही, मंगळवारी 'घसरण' रकान्यात फ्युचर्ससाठी प्रथमच आकडे दिसले म्हणून शोधलं. जुन्या-नव्या दिवसांची सरासरी एकत्र काढणं थांबवलं. ज्यांच्याकडे निफ्टी फ्युचर्सच्या पहिल्या पाच मिनिटांवर बांधलेलं काही आहे, त्यांनी ८ डिसेंबरला फाइल दोन भागांत कापावी.